खलबत्त्यासाठी दगड निवडताना: कठीणपणा, चिवटपणा आणि एक फुटलेली गारगोटी

७ जानेवारी २०२४

आईची तक्रार जुनी आहे. घरच्या काळ्या दगडी खलबत्त्यात लसूण-मिरची कुटली की दाताखाली कच लागते. भरताचा ठेचा असो की काळा मसाला, कधी ना कधी एखादा कण लागतोच. म्हणून यंदा नवा खल स्वतः करायचा ठरवलं. पाचोऱ्याजवळच्या आमच्या गावात काळ्या दगडाला तोटा नाही, पण मी म्हटलं, ज्या दगडाने कच दिली तोच पुन्हा कशाला? त्याहून कठीण दगड घेऊ.

कठीण म्हणजे किती, हे बघायला मोहस श्रेणी हाताशी होती. फ्रिडरिश मोहस या जर्मन खनिजतज्ज्ञाने १८१२ मध्ये दहा खनिजं एकापुढे एक लावली. १ वर शंखजिरे, ३ वर कॅल्साइट, ७ वर गारगोटी, ९ वर कुरुंद, १० वर हिरा. काळ्या दगडातली मुख्य खनिजं साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान येतात. गारगोटी ७. मग खल गारगोटीचाच, असा माझा हिशोब झाला. पुढच्या सगळ्या खर्चाचं मूळ या एका ओळीत आहे.

९ जानेवारी

आमच्या भागातल्या खडकात गारगोटी मिळते ती पोकळीत वाढलेली, छोट्या स्फटिकांची. खल निघेल एवढा ठोकळा नाही मिळाला. शेवटी एका दगडाच्या व्यापाऱ्याकडून दुधी गारगोटीचा साडेचार किलोचा ठोकळा आणला, १८० रुपये किलोने ८१० रुपये. वाटी कोरायला ६५ मिलिमीटरचं हिऱ्याची पूड लावलेलं भोक पाडायचं बिट ६५० रुपये, घासायला कार्बोरंडम पावडर ३०० रुपये.

२० जानेवारी

अकरा दिवस, रोज संध्याकाळी दीड-दोन तास. एक सूचना आधीच लिहून ठेवतो: गारगोटी कोरताना पाण्याची धार सतत चालू ठेवा आणि तोंडाला चांगला मास्क लावा. ही धूळ म्हणजे सिलिका आहे. फुफ्फुसात गेली तर ती परत निघत नाही. पहिल्या दिवशी मी दहा मिनिटं कोरडं चालवलं, ते चुकलंच.

खल देखणा झाला. कानस त्याच्यावर ओढली तरी ओरखडा नाही, कानसच बोथट झाली. चाकू, काच, खिळा, कशाचाही चरा उठत नाही. मला वाटलं काम फत्ते.

२४ जानेवारी

फुटला. तिसऱ्या वापरात. आई सुकी मिरची आणि लसूण कुटत होती, बत्ता लोखंडी. चार-पाच घाव झाले आणि तळातून काठापर्यंत एक भेग गेली. पुढच्या घावाला दोन तुकडे. तुटलेली बाजू शिंपल्यासारखी गुळगुळीत, वळणदार. आत एकही कण सुटलेला नाही, मिरचीत कच नाही. म्हणजे कच न देण्याचं वचन त्या दगडाने पाळलं, पण घाव सोसला नाही.

२८ जानेवारी

तुकडे घेऊन शेजारच्या गावातल्या पाथरवट बाबांकडे गेलो. पाटे-वरवंटे, जाती यांना टाकी लावण्यात त्यांचं आयुष्य गेलं. लांबूनच हाक: "काय करी ऱ्हायना रे भाऊ?" तुकडा हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाले, "ह्याला ओरखडा नाही पडत, खरं आहे. पण ओरखडा न पडणं वेगळं आणि न फुटणं वेगळं. काच घे. नखाने ओरखडते का? नाही. आणि हातातून सुटली तर?"

मग त्यांनी काळ्या दगडाचे दोन तुकडे उचलून हातोडीने वाजवले. एक खणखणला, दुसरा भद्द वाजला. "भद्द वाजतो त्याच्यात आत चीर आहे. आवाज ऐकायचा आधी, मग टाकी लावायची."

घरी येताना हेच डोक्यात होतं. मोहस श्रेणी ओरखड्याची आहे, हे मी वाचलं होतं. पण 'कठीण' हा एकच शब्द आपण दोन्हीसाठी वापरतो आणि मी त्या शब्दाने फसलो. ओरखड्याला दाद न देणं म्हणजे कठीणपणा. भेग पुढे पळू न देणं म्हणजे चिवटपणा. पहिल्याची श्रेणी माझ्याकडे होती. दुसऱ्याचं काही मोजमाप आपल्यालाच करता येईल का, ते बघायचं ठरवलं.

४ फेब्रुवारी

आधी ओरखड्याची परीक्षा नीट शिकलो, कारण तीही मी चुकीची करत होतो. तीन चुका झाल्या.

पहिली नाण्याची. पुस्तकात तांब्याचं नाणं म्हणजे साधारण ३ असं दिलेलं असतं. मी खिशातला रुपया घेतला आणि कॅल्साइटवर खोल चरा उमटला. आपली हल्लीची नाणी पोलादाची आहेत, तांब्याची नाहीत. वायरमनकडून जाड तांब्याची तार आणली तेव्हा निकाल जुळायला लागला.

दुसरी चूक मोठी. चाकूने काळ्या दगडावर रेघ ओढली, चकाकणारी रेघ उठली. मी वहीत लिहिलं: 'चाकूने ओरखडतो, साडेपाचच्या खाली.' दुसऱ्या दिवशी भिंगातून पाहिलं तर ती खाच नव्हतीच, चाकूचं पोलाद दगडाला घासून लागलं होतं. म्हणजे दगडच चाकूला ओरखडत होता! तेव्हापासून नियम केला: रेघ ओढली की ओल्या बोटाने पुसायची आणि नखाने आडवं चाचपायचं. मऊ दगडाची पूड असेल तर पुसली जाते. धातूची रेघ पुसली जात नाही, पण नखाला लागतही नाही. नख अडकलं तरच तो ओरखडा.

तिसरी चूक म्हणजे खडकाला एकच आकडा द्यायचा हट्ट. मोहस श्रेणी खनिजांची आहे आणि काळा दगड हे अनेक खनिजांचं मिश्रण. त्यात फेल्स्पारच्या बारीक काड्या असतात आणि त्यांच्यामध्ये गडद पायरॉक्सिनचे कण. टोक कुठल्या कणावर पडलं त्यावर निकाल बदलतो. त्यातून हवेने खाल्लेला, तांबूस पापुद्रा आलेला तुकडा घेतला तर कण ओरखडत नाहीत, नुसते सुटून येतात आणि दगड उगाच मऊ वाटतो. म्हणून परीक्षा नेहमी ताज्या फोडलेल्या बाजूवर करा.

११ फेब्रुवारी

चिवटपणा मोजायचा पहिला प्रयत्न: पाव किलोचं वजन नळीतून दगडाच्या पट्टीवर सोडायचं, कितीवर तुटते ते बघायचं. पट्ट्या सहा सेंटिमीटर लांब, एक बाय एक सेंटिमीटर जाडीच्या, फरशी कापायच्या मशीनवर कापल्या. त्यात हिऱ्याची दोन पाती संपली, ७०० रुपये. वजन सोडलं आणि पहिल्याच फटक्याला सगळं तुटलं, काच काय, काळा दगड काय. एवढ्या बारीक पट्टीला तोडायला फार कमी ऊर्जा लागते, वरून पडणाऱ्या वजनाच्या फटक्यात ती कितीतरी पट होती. एक रविवार आणि आठ पट्ट्या गेल्या.

१३ फेब्रुवारी

फटक्याऐवजी हळूहळू भार द्यायचं ठरवलं. दोन लोखंडी सळया पाच सेंटिमीटर अंतरावर पक्क्या बसवल्या, त्यांच्यावर पट्टी आडवी. पट्टीच्या बरोबर मध्यावर तारेचा आकडा, आकड्याला बादली. मग्याने बारीक वाळू ओतत जायची. तुटली की बादली वजनकाट्यावर. बादलीखाली गादी ठेवा, माझ्या पायावर पडता पडता राहिली.

निकालांनी गोंधळ उडवला. काचेच्या तीन पट्ट्यांत एक २८ किलोला तुटली, एक ४५ ला, तिसरीने ५० ओलांडले आणि आकडाच वाकला. काळ्या दगडाच्या ३६ ते ४० च्या दरम्यान. म्हणजे काच काळ्या दगडापेक्षा चिवट? हे पटेना.

१७ फेब्रुवारी

ओळखीचे भूशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत, त्यांना फोन केला. सगळं ऐकून म्हणाले, "तू ताकद मोजतोयस, चिवटपणा नाही. काचेला वरून खरवड नसेल तर ती भरपूर भार घेते. पण काचवाला काय करतो? कटरने एक रेघ ओढतो आणि हलक्या हाताने मोडतो. भेग सुरू व्हायला त्रास असतो, पळायला नाही. तुला पळण्याचा त्रास मोजायचाय ना? मग प्रत्येक पट्टीला तू आधीच एकसारखी खाच दे."

हे उदाहरण मला फार आवडलं. काचवाल्याच्या कटरमध्ये दोन्ही गोष्टी एका जागी दिसतात. चाक काचेपेक्षा कठीण, म्हणून रेघ उठते. काच चिवट नाही, म्हणून त्या रेघेवरून सरळ मोडते. पहिलं काम कठीणपणाचं, दुसरं चिवटपणाच्या अभावाचं.

२५ फेब्रुवारी

हिऱ्याच्या पातळ चकत्या आणल्या, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीच्या, तीन चकत्या ३६० रुपये. फरशीच्या पात्याने खाच देऊ नका. ती फार रुंद आणि बोथट होते, मग आकडे फुगतात. खाच साडेतीन मिलिमीटर खोल, पट्टीच्या खालच्या बाजूला, बरोबर मध्यावर. पहिल्या सहा पट्ट्यांत खाचेची खोली कमीजास्त झाली, त्या फेकल्या. नंतर चकतीला लाकडी ठोकळ्याचा अडसर लावला तेव्हा खोली जमली.

गिरणेच्या पात्रात अकीक मिळतात, पण पट्टी निघेल एवढे मोठे नाही मिळाले, ते ५०० रुपयांचे विकत घेतले. अकीक आणि गारगोटी दोन्ही सिलिकाच. मोहसवर अकीक साडेसहा ते सात, गारगोटी सात. म्हणजे ओरखड्यात जवळजवळ बरोबरीचे. हीच जोडी मला मुख्यतः बघायची होती.

३ मार्च

प्रत्येकी पाच पट्ट्या. बादलीचं वजन धरून आकडे असे आले. काच ९ ते १० किलोला तुटली. गारगोटी १० ते १३ ला. यातल्या दोन पट्ट्या ६ लाच गेल्या, पण त्यांच्यात आधीपासून चिरा होत्या, भिंगातून दिसल्या, म्हणून त्या काढून नव्या घेतल्या. अकीक १७ ते २० ला. आणि काळा दगड २१ ते २३ ला.

मी ते आकडे वहीत दोनदा लिहून बघितले. सातची गारगोटी ११-१२ किलोला मोडते आणि सहाच्या आसपासचा काळा दगड त्याच्या जवळजवळ दुप्पट सोसतो. आणि गारगोटी व अकीक, श्रेणीत शेजारी-शेजारी, चिवटपणात दीडपटीहून जास्त फरक. माझी मांडणी घरगुती आहे. प्रयोगशाळेत हाच प्रयोग अधिक काटेकोर करतात, म्हणून या किलोंकडे फक्त एकमेकांच्या तुलनेत बघा. पण क्रम पाचही वेळा तोच आला.

कारण तुटलेल्या बाजूंवर दिसतं. दिव्याखाली धरून पाहिल्या. गारगोटीची बाजू काचेसारखी, भेग कुठेही न अडखळता गेलेली. अकीकची बाजू मेणासारखी, मंद. अकीक म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक तंतूंची घट्ट वीण, त्यातून भेगेला वळत वळत जावं लागतं. काळ्या दगडाची बाजू तर खडबडीत. फेल्स्पारच्या काड्या एकमेकांत अडकलेल्या, भेग प्रत्येक काडीपाशी दिशा बदलते. कण किती कठीण आहे यापेक्षा कण कसे गुंतलेत यावर हे ठरतं, आणि ओरखडा मात्र एकेका कणालाच विचारतो.

कॅल्साइटच्या पट्ट्या करायचा प्रयत्न सोडून दिला. मशीनवर धरली की ती आपल्या ठरलेल्या तिरक्या प्रतलांवरून सुटते. सातपैकी एकही पूर्ण निघाली नाही.

८ मार्च

चुलतभाऊ सुरतेला हिऱ्याच्या कामात आहे, महाशिवरात्रीला गावी आला होता. त्याला वही दाखवली. म्हणाला, "दादा, आमच्याकडे हे पहिल्या दिवशी शिकवतात. हिऱ्याला हिऱ्याशिवाय कोणी घासू शकत नाही, पण चुकीच्या जागी ठोका बसला तर सरळ दोन फाका." हिऱ्यात अशा चार दिशा असतात की ज्यांच्या प्रतलावरून तो सहज फाटतो. पूर्वी कारागीर याच गुणाचा उपयोग करून कच्चा हिरा फोडायचे. हिरा ऐरणीवर ठेवून घणाने पारखावा असं आपण बोलण्यात सर्रास म्हणतो. बोलण्यापुरतं ठीक आहे, पण खऱ्या हिऱ्यावर कोणी ही पारख करू नका. खरा असला तरी फुटेल.

१० मार्च

आता मूळ प्रश्न. दगड काळाच घ्यायचा हे नक्की झालं. पण मग आईच्या जुन्या खलातून कच येत होती ती कशाची?

जुना खल धुऊन, उन्हात वाळवून भिंगाखाली धरला. तळाशी आणि कडेला ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके, काही जागी ठिपक्यांच्या जागी रिकामे खड्डे. चाकूचं टोक काळ्या भागावर ओढलं: धातूची रेघ, नख अडकत नाही. पांढऱ्या ठिपक्यावर ओढलं: सहज खाच पडली, पांढरी पूड निघाली. काही ठिपक्यांवर लिंबू पिळलं, दोन ठिकाणी बारीक फेस आला, ते कॅल्साइट. बाकीचे स्टिल्बाइट या मऊ खनिजासारखे, म्हणजे मोहसवर साडेतीन ते चार.

आमचा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. तो थंड होताना आत वायूचे बुडबुडे राहतात आणि पुढे त्या पोकळ्या अशा खनिजांनी भरतात. जळगावच्या खाणींतून जगभर जाणारे सुंदर स्फटिक असेच तयार झालेत. संग्रहात ते मौल्यवान आहेत, खलात मात्र नकोत. प्रत्येक घावाला ते थोडे चुरतात आणि मसाल्यात येतात.

म्हणजे मोहस परीक्षा निरुपयोगी नव्हती, मी ती चुकीच्या प्रश्नाला लावली होती. 'कोणता दगड घाव सोसेल' हे तिला विचारायचं नाही. 'या दगडात मऊ खनिज कुठे लपलंय' हे विचारलं तर ती चाकूच्या एका टोकानिशी उत्तर देते.

१६ मार्च

पाथरवट बाबांबरोबर खाणीच्या टाकलेल्या दगडांत अर्धा दिवस. त्यांनी आवाज ऐकला, मी चाकू चालवला. अकरा दगड वाजवून चार खणखणले. चारपैकी दोनांत पांढरे ठिपके निघाले, एकात अगदी बारीक, मोहरीएवढे. बाबांच्या नजरेतून सुटले होते, चाकूने दाखवले. उरलेल्या दोनांतला मोठा घेतला. दगड आणि टाकीचं काम मिळून ९०० रुपये. बत्ताही त्याच दगडाचा करून घेतला, लोखंडी नाही.

२४ मार्च

खल तयार. पहिल्यांदा मूठभर तांदूळ घालून वाटले, पीठ राखाडी निघालं. टाकीने सैल केलेले कण आहेत हे. पाच वेळा तांदूळ, मग जाडं मीठ दोन वेळा. आठव्या वेळेला तांदळाचं पीठ पांढरं आलं. इथे घाई करू नका. नव्या खलाची कच बहुतेक यातूनच येते आणि लोक दगडाला दोष देतात.

५ मे

सहा आठवडे रोजचा वापर. कळण्याच्या भाकरीबरोबरचा ठेचा रोज यातच होतो. तळाला भेग नाही, काठ उडालेला नाही. पुन्हा चाकू आणि भिंग घेऊन बघितलं, खड्डा नाही. आईला मुद्दाम विचारलं नाही, तीच जेवताना म्हणाली, "कच नाही लागत रे आता."

अकीकची उरलेली पट्टी अजून टेबलावर आहे. खंबायतेला अकीकचे छोटे खल करतात, औषधं आणि नमुने घोटायला. त्यात कुटायचं नसतं, फक्त रगडायचं, आणि आता त्याचं कारण मला किलोत माहीत आहे.

एकूण खर्च ४,२२० रुपये. त्यातले खलाचे ९००. जुना खल टाकला नाही, त्यातले ठिपके गावातल्या शाळेतल्या पोरांना चाकूने खरवडून बघायला देणार आहे.